१४ तारखेचा पेपर, १४ तारखेचा वॉर्ड

“मॅडम, आमची पोस्टिंग आणि सेशनल क्लॅश होतेय. प्लीज काहीतरी करा.”

ईमेलमध्ये मजकूर एवढाच होता. आली होती रात्री दहा चाळीसला आणि पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. मी तेव्हा नर्सिंग कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची को-ऑर्डिनेटर होते. कोणती बॅच, कोणता वॉर्ड, ड्युटी सकाळची की रात्रीची, काहीच कळेना. मुलाला फोन लावला तर तो वॉर्डात, फोन बंद. सकाळी तो रात्रपाळी संपवून आठ वाजता बाहेर पडला, तसाच परीक्षेच्या हॉलमध्ये येऊन बसला आणि तीसपैकी नऊ गुण घेऊन गेला. वेळापत्रक तपासणाऱ्याला यात गोंधळ दिसलाच नसता, कारण ड्युटी आठला संपत होती आणि पेपर दहाला सुरू होत होता. त्या नऊ गुणांबद्दल मला आजही वाईट वाटतं. दोन दिवस आधी नीट कळलं असतं, तर त्याची एक रात्रपाळी बदलून देणं माझ्या हातात होतं.

हा प्रसंग नर्सिंगच्या प्रत्येक कॉलेजात दरवर्षी येतो. मुलीच्या घरच्यांना मात्र तो समजत नाही. परीक्षा आहे तर सुट्टी घे, असं आई फोनवर सांगते. ते इतकं सोपं का नसतं, आणि को-ऑर्डिनेटरला लिहायची ईमेल कशी असली म्हणजे काम होतं, हे इथे सांगते.

आधी गोंधळ कुठून येतो ते पाहू. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं वर्ष दोन कागदांवर चालतं. पहिला कागद रोटेशन प्लॅनचा. कोणती बॅच कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात, हे त्यावर चौकटी आखून, रंग भरून लिहिलेलं असतं. तो सत्राच्या सुरुवातीला तयार होतो आणि पक्का असतो, कारण त्यासाठी रुग्णालयाची परवानगी घ्यावी लागते, दुसऱ्या कॉलेजांच्या बॅचेसशी जागा वाटून घ्याव्या लागतात. दुसरा कागद अंतर्गत परीक्षेचा. तो परीक्षेचं काम पाहणाऱ्या मॅडम काढतात, बहुतेकदा पेपरच्या दोन-तीन आठवडे आधी. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉल, पर्यवेक्षक आणि शिकवून झालेला भाग असतो. दोन्ही कागद एकाच फलकावर शेजारी शेजारी लागतात, पण काढणाऱ्या दोघी ते एकत्र बघतातच असं नाही. एकत्र बघते ती विद्यार्थिनी, कारण दोन्हीकडे हजर राहायचं असतं तिलाच.

बॅच आपल्याच रुग्णालयात असेल तर निभावतं. सिस्टर इन्चार्जना सांगून दोन तास सोडवून घेतात, मुली गणवेशातच पेपर लिहून परत वॉर्डात जातात. खरी अडचण होते ती बाहेरगावच्या पोस्टिंगची. मानसिक आरोग्य नर्सिंगचंच घ्या. पुष्कळ कॉलेजांच्या स्वतःच्या रुग्णालयात मनोरुग्णांचा पुरेसा मोठा विभाग नसतो. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. आसपासच्या आणि लांबच्याही जिल्ह्यांतल्या बॅचेस तिथे किंवा एखाद्या खाजगी मनोरुग्णालयात दोन-दोन आठवडे जाऊन राहतात. सोबत एक ट्यूटर असते. कॉलेजात पेपर लागला की या बॅचने काय करायचं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता हिशेब. तो कळल्याशिवाय ईमेल लिहिता येत नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा सत्र पद्धतीचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला. त्यात क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार तासांप्रमाणे वीस आठवड्यांचे ८० तास. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात, थिअरीत आणि प्रात्यक्षिकात, किमान ८० टक्के हजेरी लागते. आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक क्षेत्रातली हजेरी १०० टक्के भरलेली असावी लागते. म्हणजे बुडालेला प्रत्येक तास कधी ना कधी भरून द्यायचाच आहे.

नियमात आणखी एक शब्दप्रयोग आहे, त्याकडे मुलांचं लक्ष जात नाही. ८० टक्क्यांची अट गैरहजेरीचं कारण काहीही असलं तरी लागू असते. ताप आला, लग्न होतं, दुसरा पेपर होता, सगळं सारखंच. म्हणून पेपरच्या दिवशी पोट दुखल्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणणाऱ्या मुलीला त्यातून काहीच मिळत नाही. तास बुडतो तो बुडतोच, आणि खोटा कागद दिला म्हणून पुढच्या खऱ्या आजारपणातही तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

परीक्षेचा हिशेब असा. एका विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे २५ गुण. त्यातले १० सत्रभराच्या कामाचे आणि १५ दोन सेशनल परीक्षांचे. प्रत्येक सेशनल दोन तासांची, ३० गुणांची. दोन्हींच्या ६० गुणांना चारने भागून १५ पैकी गुण काढतात. समजा एखादीला पहिल्या सेशनलला २२ आणि दुसऱ्या सेशनलला २० मिळाले, तर ४२ भागिले ४, म्हणजे साडेदहा. तीच दुसऱ्या सेशनलला बसलीच नाही, तर २२ भागिले ४, म्हणजे साडेपाच. एका सकाळीत पाच गुण गेले. ते विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत भरून काढायचे म्हणजे पुष्कळ जास्तीचा अभ्यास लागतो.

दोन्हीकडचं नुकसान असं आकड्यांत मांडता येतं. तिसरं नुकसान आकड्यांत मांडता येत नाही, पण मला ते सगळ्यात मोठं वाटतं. मनोरुग्णालयात प्रत्येक मुलीला एक-दोन रुग्ण नेमून दिलेले असतात. रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसायचं, बोलायचं आणि ते बोलणं नंतर शब्द न् शब्द लिहून काढून त्याचा अर्थ लावायचा. याला आम्ही प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतो. अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्याची जी मांडणी केली, तिच्या आधारे आम्ही आजही शिकवतो. नातं टप्प्याटप्प्याने जातं. आधी ओळख होते, मग काम होतं, आणि शेवटी निरोप घ्यायचा असतो. मी अमुक तारखेपर्यंतच येणार आहे, हे पहिल्याच दिवशी रुग्णाला सांगायचं असतं. कित्येक वर्षं घरचं कोणी भेटायला न आलेल्या बाईशी एक मुलगी सहा दिवस बोलते आणि सातव्या दिवशी न सांगता गायब होते, याचा अर्थ ती बाई काय लावेल? आठव्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसलेली मी पाहिली आहे. म्हणून या ईमेलमध्ये रुग्णाचा उल्लेख आला की मी ती ईमेल दुसऱ्यांदा वाचते.

काही वर्षांपूर्वी मला एक ईमेल आली. पाचव्या सत्रातली मुलगी, ‘ब’ बॅच, बॅचमध्ये वीस जणी. मानसिक आरोग्याच्या ८० तासांपैकी ८ तास आमच्याच ओपीडीत झालेले. उरलेले ७२ तास बाहेरच्या मनोरुग्णालयात, सोमवार ६ ऑक्टोबर ते शनिवार १८ ऑक्टोबर, रविवार सोडून बारा दिवस, रोज सकाळी ८ ते दुपारी २. कॉलेजपासून ते गाव एसटीने पाच तासांवर. सेशनलची नोटीस लागली २४ सप्टेंबरला: बालआरोग्य नर्सिंग मंगळवारी १४ तारखेला, मानसिक आरोग्य नर्सिंग गुरुवारी १६ तारखेला, दोन्ही पेपर सकाळी १० ते १२, कॉलेजच्या हॉलमध्ये. मुलीची ईमेल मला २५ तारखेला मिळाली. आमच्याकडे पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. इथे मराठीत देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

“विषय: पाचवं सत्र, ‘ब’ बॅच: १४ व १६ ऑक्टोबरचे सेशनल पेपर आणि बाहेरगावची पोस्टिंग एकाच वेळी, ३० सप्टेंबरपर्यंत निर्णयाची विनंती

आदरणीय मॅडम,

मी पाचव्या सत्राच्या ‘ब’ बॅचमध्ये आहे. रोटेशन प्लॅनप्रमाणे आमची मानसिक आरोग्याची पोस्टिंग ६ ते १८ ऑक्टोबर, सकाळी ८ ते २ अशी आहे. कालच्या नोटिशीप्रमाणे १४ आणि १६ ऑक्टोबरला सकाळी १० ते १२ कॉलेजात सेशनल आहेत. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. बॅचमधल्या वीसही जणींना ही अडचण आहे. सर्वांशी बोलून, सर्वांच्या वतीने मी लिहीत आहे.

पेपरला यायचं तर आदल्या दिवशी ड्युटीनंतर निघावं लागेल आणि पेपरनंतर परत जावं लागेल. त्यात प्रत्येकीचे दोन दिवस, म्हणजे १२ तास बुडतील. ८० पैकी ६८ तास उरतील, हजेरी ८५ टक्के होईल. परतीच्या प्रवासात बस चुकून आणखी एक दिवस गेला, तर ६२ तास, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के होईल आणि आम्ही परीक्षेच्या अटीखाली जाऊ.

दोन पर्याय सुचवते. पहिला, पेपर सर्वांसाठीच दुपारी ३ ते ५ ठेवता आला, तर आमच्या ट्यूटर मॅडमच्या देखरेखीखाली आम्ही तोच पेपर त्याच वेळी पोस्टिंगच्या ठिकाणी देऊ. यात वॉर्डाचा एकही तास जाणार नाही. तिथे बसायला जागा मिळेल का, हे ट्यूटर मॅडमना विचारलं आहे. आपण परवानगी दिलीत तर त्या तिथल्या कार्यालयाशी बोलतील. दुसरा, आमची परीक्षा २० ऑक्टोबरनंतर वेगळी घेतली जावी. यात वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागेल, याची कल्पना आहे.

यापैकी काहीच शक्य नसेल आणि आम्हाला यावंच लागणार असेल, तर तेही ३० तारखेपर्यंत कळवावं ही विनंती. नेमून दिलेल्या रुग्णांना पहिल्याच दिवशी आमच्या सुट्टीच्या तारखा सांगाव्या लागतील. बुडालेले १२ तास आम्ही सत्र संपण्याआधी आपण सांगाल त्या वॉर्डात भरून देऊ.

आपली विद्यार्थिनी”

खाली नाव, रोल नंबर, बॅच आणि मोबाइल नंबर.

ही ईमेल मी एक शब्दही न बदलता प्राचार्या मॅडमकडे आणि परीक्षा पाहणाऱ्या मॅडमकडे पुढे पाठवली. ईमेलची खरी परीक्षा हीच. को-ऑर्डिनेटर स्वतः फारसं काही ठरवत नाही. हॉल तिच्या हातात नसतो, वॉर्डही नसतो. तिला चार ठिकाणी विचारावं लागतं. मुलीची ईमेल जशीच्या तशी पुढे जाऊ शकली, तर काम त्याच दिवशी सुरू होतं. ती पुन्हा लिहून काढावी लागली, आधी फोन करून बॅच कोणती, तारीख कोणती असं विचारावं लागलं, तर दोन दिवस तिथेच जातात. आणि ज्या दिवशी माझ्याकडे अशा सहा ईमेल असतात, त्या दिवशी मी आधी कोणती उघडते, हे सांगायला नको.

विषयाची ओळच बघा. सत्र, बॅच, तारखा, अडचण आणि उत्तर कधीपर्यंत हवं, सगळं तिथे आहे. “अर्जंट” हा शब्द नाही. शेवटची तारीख लिहिली की तो लागतही नाही.

तिने हजेरीचं गणित करून दिलं, याचाही फार उपयोग झाला. परीक्षा पाहणाऱ्या मॅडमचं पहिलं म्हणणं होतं की दोनच दिवसांचा प्रश्न आहे, येऊन जाऊ देत. साडेसत्त्याहत्तर टक्क्यांचा आकडा वाचल्यावर त्यांनी तो आग्रह सोडला. नुसतं “आमची हजेरी कमी होईल” असं लिहिलं असतं, तर त्यांचं मत बदललं नसतं, कारण प्रत्येक बॅच तेच म्हणते.

पहिल्या पर्यायात तिने एक गोष्ट हेरली होती, ती आम्हा शिक्षिकांच्याही लक्षात आली नव्हती. सकाळी १० ते १२ ही वेळ ‘अ’ आणि ‘क’ बॅचलाही गैरसोयीचीच होती. त्या आमच्याच रुग्णालयात सकाळच्या ड्युटीवर होत्या आणि पेपरसाठी वॉर्डातून सोडवून आणल्या जाणार होत्या. त्यांच्या वॉर्डात दहा ते बारा हा वेळ ड्रेसिंगचा आणि मोठ्या राउंडनंतरच्या कामांचा. सिस्टर इन्चार्ज त्यावरून दरवेळी नाराज होत. दुपारी तीनची वेळ केली तर तिन्ही बॅचेसचे तास वाचणार होते. आणि पेपर एकाच वेळी असल्याने तो फुटण्याची भीतीही नव्हती.

तरी सगळं मनासारखं झालं नाही. मंगळवारचा पेपर दुपारी हलवता आला. प्रश्नपत्रिका बंद पाकिटात ट्यूटरसोबत आधीच पाठवली. पाकिटाच्या तोंडावर प्राचार्या मॅडमची सही आणि शिक्का होता, आणि ते पावणेतीनला दोन विद्यार्थिनींच्या सह्या घेऊन फोडायचं ठरलं. गुरुवारी दुपारी मात्र हॉल शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी आधीच दिलेला होता. तिथे तडजोड करावी लागली. ‘ब’ बॅचची ती परीक्षा दिवाळीनंतर वेगळी घेतली आणि मी दुसरी प्रश्नपत्रिका काढली. दुसऱ्या पेपरचं हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड असतं. तोच भाग, तेवढंच वजन, पण प्रश्न वेगळे. पहिल्या पेपरात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची काळजी विचारली असेल, तर दुसऱ्या पेपरात त्याच तोलाचं काय विचारायचं? मी उन्मादाच्या अवस्थेतल्या रुग्णाबद्दल विचारलं. दोन मुलींनी नंतर येऊन सांगितलं की आमचा पेपर कठीण होता. कदाचित होताही. वेगळी परीक्षा मागताना हा धोका विद्यार्थ्यांनी धरून चालावा लागतो.

अशा ईमेल आणखी कुठे बिघडतात, तेही सांगते. एक म्हणजे तोंडी आधार: “अमुक मॅडम म्हणाल्या होत्या की चालेल.” त्या मॅडम आज रजेवर असतील, किंवा दुसऱ्याच कशाबद्दल चालेल म्हणाल्या असतील. कोणी तोंडी हो म्हटलं असेल, तर त्याच दिवशी त्यांना दोन ओळींची ईमेल टाकायची, “आज सकाळी आपण असं सांगितलंत” एवढीच, आणि ती पुढच्या ईमेलला जोडायची. दुसरी गोष्ट परस्पर अदलाबदलीची. माझी ड्युटी तू कर, तुझी मी करते. मैत्रिणींमध्ये हे सहज होतं, पण हजेरीपटावर सही एकीची आणि औषधं दिल्याची नोंद दुसरीच्या हातची, असं झालं आणि त्या दिवशी त्या खाटेवर काही चूक घडली, तर दोघी अडकतात. अदलाबदल करायला हरकत नाही, पण ती ट्यूटर आणि सिस्टर इन्चार्ज या दोघींना लेखी कळवून.

एकाच अडचणीसाठी वीस जणींनी वीस ईमेल पाठवणं हाही एक प्रकार असतो. सीआरने किंवा एकीने सगळ्यांच्या वतीने लिहावं, बाकीच्यांना प्रत पाठवावी. उलट अडचण एकीचीच असेल, जसं पहिल्या प्रसंगातल्या मुलाची रात्रपाळी, तर तिने एकटीनेच लिहावं आणि वेळा पूर्ण द्याव्यात: रात्री ८ ते सकाळी ८ ड्युटी, १० वाजता पेपर, मध्ये झोपेला वेळ नाही, आदल्या रात्रीची पाळी परवा करू देता का. कागदावर तास एकमेकांवर येत नसले तरी ही अडचण खरीच आहे, आणि ती को-ऑर्डिनेटरच्या लक्षात येण्याचा दुसरा मार्ग नसतो.

उत्तर आलंच नाही तर? तीन दिवसांनी त्याच ईमेलखाली एक ओळ टाकायची, नवी ईमेल सुरू करायची नाही. तरीही शांतता असेल तर छापील प्रत घेऊन स्टाफरूममध्ये यायचं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच शिक्षिका दिवसाचे सहा तास वॉर्डात उभ्या असतात आणि ईमेल रात्री बघतात. मुलगी कागद घेऊन समोर आली की आम्ही तिथल्या तिथे वाचतो.

त्या मुलीला नेमून दिलेल्या बाईंबद्दल ट्यूटरने नंतर सांगितलं. ६ तारखेलाच मुलीने त्यांना सांगितलं होतं की मी १८ तारखेपर्यंत येणार, मध्ये फक्त रविवारी नाही. बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख दोनदा विचारली. १८ तारखेला सकाळी त्या स्वतःहून वेणी घालून, खुर्ची ओढून तिची वाट बघत बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी आणि परीक्षा पाहणाऱ्या मॅडम दोन्ही कागद एकाच टेबलावर पसरून बसलो. दीड तास लागला. पाच ठिकाणी तारखा एकमेकींवर येत होत्या. चार तिथेच सुटल्या. पाचवी ‘क’ बॅचच्या ग्रामीण भागातल्या पोस्टिंगची, ती काही सुटेना. तिच्यासाठी आम्ही सत्राच्या पहिल्याच आठवड्यात त्या बॅचच्या सीआरला बोलावून घेतलं.